कोल्हासुराची कथा तपासताना

देवीने कोल्हासुराला मारलं, त्याच्या शेवटच्या इच्छेवरून कोल्हापूर नाव पडलं, ही कथा कोल्हापुरात लहान पोरही सांगतं. कथा गोड आहे, पण तिचा असुर बहुधा गावाच्या नावातूनच निघालाय. तपासायचं तर आधी जुनं रूप बघा. बाराव्या शतकातल्या शिलाहार शिलालेखांत ‘क्षुल्लकपुर’ असंही नाव येतं. पण थांबा, लेख कोरणारेही बोलीतल्या नावाला संस्कृत साज चढवत, त्यामुळे दगडावरचं रूप म्हणजे मूळ रूप असं नाही. मग तोच शब्द दुसरीकडे शोधा. तेलंगणातही कोल्लापूर आहे. कन्नडमध्ये ‘कोळ्ळ’ म्हणजे दरी, खोलगट जागा. हीही शक्यताच. जुन्या वस्तीभोवतीची जमीन खरंच खोलगट होती का, ते नकाशावर पाहा.