एक अक्षर बदललं तर प्रोटीनचं काय होईल? कोडॉन टेबलवरून असं ओळखा

परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे सिकल सेल आणि थॅलेसेमियावर काम चालतं. दोन्हींच्या मुळाशी असलेला बीटा ग्लोबिनचा जीनच आपण घेऊ, कारण त्यातल्या एकाच कोडॉनवर बदलाचे तिन्ही प्रकार, सायलेंट, मिसेन्स आणि नॉनसेन्स, करून बघता येतात.

```
AUG GUG CAU CUG ACU CCU GAG GAG AAG
```

ही mRNA ची सुरुवात. AUG पासून तीन-तीन अक्षरं तोडत जायचं, मधूनच कुठून सुरू केलंत तर पुढचं सगळं बोंबललं. प्रश्नात DNA ची टेम्प्लेट बाजू दिली असेल, म्हणजे CTC, तर आधी त्याचं GAG करून घ्या, बरेच जण CTC तसंच टेबलात शोधतात आणि ल्युसिन लिहून मोकळे होतात.

आता पहिला GAG बघा. हा सहावा कोडॉन, AUG धरायचा नाही कारण तो मेथिओनिन नंतर कापला जातो (नवीन रिपोर्टमध्ये AUG पण मोजतात, म्हणून तिथे 7 दिसेल, गोंधळू नका). टेबलात पहिलं अक्षर डावीकडे, दुसरं वर, तिसरं उजवीकडे: GAG म्हणजे ग्लुटामिक ॲसिड.

शेवटच्या G चा A केला तर GAA, तरी ग्लुटामिक ॲसिडच, म्हणून सायलेंट. पहिल्या G चा U केला तर UAG, म्हणजे स्टॉप, म्हणून नॉनसेन्स. मधल्या A चा U केला तर GUG, व्हॅलिन, हा मिसेन्स, आणि हाच सिकल सेल.

मिसेन्स म्हटलं की तिथेच थांबू नका, अमिनो ॲसिडचा स्वभाव बघा. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण चार्ज असतो, ते पाण्यात रमतं, व्हॅलिन पाण्यापासून पळतं आणि ते नेमकं प्रोटीनच्या पृष्ठभागावर येऊन बसतं, त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. त्याच जागी AAG झालं तर लायसिन येतं, चार्ज थेट उलटा, पण त्यातून होणारा हिमोग्लोबिन सी चा आजार सिकल सेलपेक्षा बराच सौम्य असतो. म्हणजे नुसत्या चार्जवरून तीव्रता ठरवता येत नाही, नवं अमिनो ॲसिड पाण्यात रमतं की पाण्यापासून पळतं तेही बघावं लागतं.

नॉनसेन्समध्ये स्टॉप कितव्या कोडॉनला आला ते मोजा. पंधराव्या कोडॉनला UGG चं UAG झालेलं भारतातल्या थॅलेसेमियाच्या पेशंटमध्ये सापडतं, 146 अमिनो ॲसिडची साखळी 14 वरच तुटते, मग त्या जीनकडून कामाचं बीटा ग्लोबिन काहीच मिळत नाही.

आणि टेबल कुठे फसतं तेही बघा. चोविसाव्या कोडॉनला GGU चं GGA झालं तर टेबल म्हणेल ग्लायसिनच आहे, सायलेंट, पण प्रत्यक्षात त्याने बीटा थॅलेसेमिया होतो, कारण त्या बदलाने mRNA चुकीच्या जागी कापला जायला लागतो. म्हणून जीनच्या प्रश्नात सायलेंट उत्तर आलं तर बदल एक्झॉनच्या टोकाजवळ आहे का ते तपासा, तसा असेल तर उत्तरात ‘अमिनो ॲसिड तेच, स्प्लायसिंग तपासायला हवं’ एवढंच लिहा.