खरेदीखत इंग्रजीत करताना प्लॉट फिरवू नका : चतुःसीमेच्या या चुका टाळा

लातूरजवळच्या एका प्लॉटचं खरेदीखत मी इंग्रजीत करून कॅनडाला पाठवलं होतं. प्लॉट विकत घेणारा मुलगा इथलाच, पण त्याचं मराठी बोलण्यापुरतं. खरेदी त्याच्या वतीने वडिलांनी कुलमुखत्यार म्हणून केली होती. महिनाभराने वडिलांचा फोन आला. "ओ साहेब, पोरानं तिकडं घराचा नकाशा काढून घेतलाय. त्यात रोडला चाळीस फूट धरलेत. आपल्याला तर तीसच लागतंय की रोडला!"

मूळ खत काढून बघितलं. चूक माझीच होती, आणि ती एका ओळीत होती. मिळकतीचं वर्णन साधारण असं होतं (नाव आणि नंबर बदलले आहेत):

"गट नं. ८७ पैकी अकृषिक रेखांकनातील प्लॉट नं. १४, पूर्व-पश्चिम ४० फूट, दक्षिण-उत्तर ३० फूट, एकूण क्षेत्र १२०० चौ. फूट म्हणजेच १११.४८ चौ. मी. यासी चतुःसीमा : पूर्वेस ९ मीटर रुंद रस्ता, पश्चिमेस गट नं. ८६ चा धुरा, दक्षिणेस प्लॉट नं. १५, उत्तरेस सुमनबाई भ्र. ज्ञानोबा यांचा प्लॉट नं. १३."

मी लिहिलं होतं, "ईस्ट अँड वेस्ट साइड्स : फॉर्टी फीट." वाचायला बरोबर वाटतं, पण पूर्व-पश्चिम ४० फूट म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना ४० फूट. ते माप उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बाजूचं असतं. पूर्वेची बाजू, जिथे रस्ता आहे, ती ३० फुटांची. माझ्या इंग्रजीत प्लॉट काटकोनात फिरला आणि दर्शनी बाजू दहा फुटांनी वाढली.

अशी चूक सहसा कुणाला दिसत नाही, कारण चाळीस गुणिले तीस काय आणि तीस गुणिले चाळीस काय, क्षेत्र १२०० चौ. फूटच येतं. मी क्षेत्र ताडून पाहिलं होतं, चौरस मीटरही पाहिले होते, दोन्ही जुळले. दोन्ही मापं सारखी असलेल्या प्लॉटला काही फरक पडत नाही, पण आपल्याकडचे बरेच प्लॉट रस्त्याला अरुंद आणि आत लांब असतात. म्हणून आता मी हे वाक्य "फॉर्टी फीट फ्रॉम ईस्ट टू वेस्ट, थर्टी फीट फ्रॉम साउथ टू नॉर्थ" असंच लिहितो. "साइड" हा शब्द मापाच्या ओळीत येऊच देत नाही.

"पूर्वेस" म्हणजे पूर्वाभिमुख नव्हे

चतुःसीमेतला "पूर्वेस रस्ता" एवढंच सांगतो की प्लॉटच्या पूर्वेच्या हद्दीला लागून रस्ता आहे. घराचं तोंड कुठे, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण जाहिरातींतून "ईस्ट फेसिंग" इतकं कानावर पडलेलं असतं, की ते आपोआप टाइप होतं. तसंच "ईस्टर्न रोड" लिहिलं की परदेशातल्या वाचणाऱ्याला ते रस्त्याचं नाव वाटतं. "ऑन द ईस्ट, बाय अ नाइन-मीटर-वाइड रोड" एवढं पुरतं.

दिशांचा क्रमही बदलू नये. मराठी खतात बहुतेक वेळा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असा क्रम येतो. इंग्रजीत लिहिताना हात नॉर्थ-साउथ-ईस्ट-वेस्टकडे वळतो, ओळी वरखाली हलतात आणि प्लॉट १३ दक्षिणेला जाऊन बसतो. मूळ ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने चार ओळी खाली लिहाव्यात. समोरासमोर कागद ठेवणाऱ्यालाही बोट ठेवून ताडता येतं.

धुरा, बांध, शिव आणि भ्र.

शब्दकोशावर विसंबून राहिलं की मराठवाड्यातले शब्द दगा देतात. आपल्याकडे धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. शब्दकोशात धुरा आधी गाडीचा आस असतो किंवा जबाबदारी. आणि बांधाचं "डॅम" केलेलंही मी पाहिलंय, म्हणजे पश्चिमेला आख्खं धरण! "फील्ड बंड" हा भारतीय इंग्रजीतला रूढ शब्द आहे. पण कॅनडातल्या माणसाला तोही कळत नाही, म्हणून पहिल्यांदा येतो तिथे तळटीप देतो : दोन शेतांची हद्द दाखवणारा मातीचा उंचवटा.

शिवरस्ता हा दोन गावांच्या शिवेवरचा रस्ता, त्यात महादेवाचा काही संबंध नाही. पाणंदीला नुसतं "रोड" म्हटलं तर अर्थ फार मोठा होतो, "फुटपाथ" म्हटलं तर फार छोटा. अशा शब्दांना मी मूळ नावच रोमन लिपीत ठेवतो आणि शेजारी एका ओळीत समजावतो. हद्दीचा शब्द नंतर कधीतरी गावनकाशावर, मोजणीच्या कागदावर किंवा सातबाऱ्याच्या शेऱ्यात शोधावा लागतो. तिथे तो पाणंद म्हणूनच सापडणार, "कार्ट ट्रॅक" म्हणून नाही.

"भ्र." मात्र सगळ्यांत जास्त फसवतं. हे भ्रतारचं आखूड रूप आहे, म्हणजे नवरा. सुमनबाई भ्र. ज्ञानोबा म्हणजे ज्ञानोबांची बायको सुमनबाई. एका नव्या मुलाने त्याचं "ब्रदर" केलं होतं, भ्राता समजून. जुन्या खतांत वल्द आणि जौजे येतात, त्यांचंही तसंच : वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको. शेजाऱ्याच्या नावात नातं चुकलं तर उत्तरेची हद्द कोणाच्या प्लॉटला लागून आहे, हेच संशयात येतं.

एक मोह आणखी टाळावा. सुमनबाई आता हयात नसतील, प्लॉट १३ विकलाही गेला असेल, पण भाषांतरात आजच्या मालकाचं नाव घालू नये. खत ज्या तारखेला झालं, त्या तारखेची ती हद्द आहे. तसंच २०२३ च्या आधीच्या खतात जिल्हा औरंगाबाद किंवा उस्मानाबाद लिहिलेला असेल तर मजकुरात तेच ठेवावं आणि आजचं नाव, छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव, तळटीपेत द्यावं.

"पैकी" आणि "अकृषिक"

"गट नं. ८७ पैकी" मधला "पैकी" गळला तर प्लॉटऐवजी पूर्ण गट विकल्यासारखं दिसतं. "आउट ऑफ गट नंबर ८७" असं स्पष्ट लिहावं. त्याच खतात आधी गटाचं एकूण क्षेत्र येतं, उदाहरणार्थ १ हे. २० आर. इथे "आर"चं "एकर" होऊन बसतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे २० आर हे अर्ध्या एकराच्याही किंचित आतच येतात. मजकुरात हेक्टर आणि आरच ठेवावेत. रूपांतर द्यायचंच असेल तर तेही तळटीपेत.

"अकृषिक"चं "अनकल्टिव्हेटेड" झालेलं मी एका मोठ्या शहरातून करून आलेल्या भाषांतरात पाहिलं. त्याने अर्थ उलटतो, कारण न कसलेली शेतजमीन ही शेवटी शेतजमीनच. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशात राहणाऱ्या भारतीयाला घर किंवा घराचा प्लॉट घेता येतो, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. तिकडची बँक किंवा वकील हा शब्द वाचून व्यवहारावरच बोट ठेवेल. "नॉन-अ‍ॅग्रिकल्चरल" हाच शब्द वापरावा आणि परवानगीच्या आदेशाचा नंबर, तारीख जसेच्या तसे उतरवावेत.

मूळ खतातच चूक असेल तर

हे नेहमी घडतं. मंजूर रेखांकनात प्लॉट १५ उत्तरेला दिसतो आणि खतात दक्षिणेला लिहिलेला असतो. भाषांतर करणाऱ्याने ते गुपचूप बरोबर करू नये. नोंदणी मराठी खताची झालेली आहे, इंग्रजी कागद फक्त त्यात काय लिहिलंय ते सांगतो. जसं आहे तसं उतरवावं, "मुळात असंच आहे" अशी भाषांतरकाराची टीप द्यावी आणि पक्षकाराला वेगळं कळवावं. पुढे दुरुस्ती करायची असेल तर चूक दुरुस्ती पत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. ते काम दोन्ही पक्षांचं आणि वकिलाचं.

पाठवण्याआधी कागदावर काढून बघा

लातूरच्या त्या फोननंतर मी एक पद्धत धरलीय. भाषांतर झालं की मिळकतीच्या वर्णनाचं फक्त इंग्रजी पान बाजूला काढतो आणि बारावीतल्या मुलीला देतो. मूळ तिला दाखवत नाही. कोऱ्या कागदावर वरच्या बाजूला उत्तर धरून तिने प्लॉट काढायचा, चारही बाजूंना मापं आणि शेजारी लिहायचे. मग तो कागद मी मंजूर रेखांकनाच्या प्रतीशेजारी ठेवतो. रेखांकनात उत्तरेचा बाण वर असेलच असं नाही, म्हणून आधी बाण जुळवून घ्यावा लागतो. रस्ता कोणत्या बाजूला आला, त्या बाजूला तीस आहेत की चाळीस, तेरा-चौदा-पंधरा ओळीने लागले का, एवढंच बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. क्षेत्र ताडून जी चूक सापडत नाही ती इथे लगेच दिसते. रेखांकन नसेल तर सूची क्रमांक दोनमधलं मिळकतीचं वर्णन मूळ खताशी ताडून घेतो, पण त्यावरून प्लॉटची दिशा कळेलच असं नाही.

चुकीची प्रत आधीच गेली असेल तर नुसती सुधारलेली फाइल पाठवून भागत नाही. मी कॅनडाला नव्या तारखेची प्रत पाठवली, वरच्या पत्रात कोणत्या पानावरची कोणती ओळ बदलली ते लिहिलं आणि जुनी प्रत रद्द समजावी असं कळवलं. प्रमाणपत्रही नवं जोडलं. त्यासोबत एक प्रश्न विचारला : या इंग्रजी वर्णनावरून आणखी कुठला कागद तयार झालाय का? झाला होता. बांधकामाच्या परवानगीसाठी वडिलांच्या नावे दुसरं कुलमुखत्यारपत्र तयार होत होतं आणि मिळकतीचं वर्णन माझ्याच चुकीच्या पानावरून उचललेलं होतं. नशिबाने ते अजून मसुद्यातच होतं. वकिलातीत सही होऊन इकडे आलं असतं, तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं.