झोपेच्या गोळ्यांबद्दल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र लिहिताना या चुका टाळा

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या दवाखान्यात येणारी बरीच पत्रं साधारण अशी असतात: ‘आदरणीय डॉक्टर मॅडम, परीक्षेच्या टेन्शनमुळे झोप लागत नाही. अधूनमधून झोपेची गोळी घेतो. अभ्यासात लक्ष लागत नाही. लक्ष लागण्यासाठी एखादी चांगली गोळी लिहून द्यावी.’ चार वाक्यं आहेत, पण डॉक्टरांना निर्णय घेता येईल असं त्यात काहीच नाही. उलट शेवटच्या वाक्यातली मागणी त्यांना भलत्याच वाटेला नेऊ शकते.

पहिली चूक ‘झोपेची गोळी’ एवढंच लिहिण्याची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि झोल्पिडेम या तिन्हींना मुलं झोपेचीच गोळी म्हणतात, पण त्या शरीरात टिकतात वेगवेगळा काळ. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला झोल्पिडेमला साधारण अडीच तास लागतात, अल्प्राझोलामला अकराच्या आसपास आणि क्लोनाझेपामला तीस ते चाळीस. रात्री दीड वाजता गोळी घेतली आणि पेपर सकाळी साडेदहाला असला, तर मधे नऊ तास जातात. झोल्पिडेम तोवर जवळजवळ उतरलेली असते. अल्प्राझोलाम मात्र अर्ध्याहून अधिक रक्तात असते, आणि रोज घेतली तर आदल्या रात्रीचा थोडा भागही त्यात मिळतो. क्लोनाझेपामचं तर पहिल्या रात्रीचं निम्मं उतरायच्या आत दुसरी गोळी पोटात जाते. पेपरला डोकं जड का होतं, हे ओळखायला नावच लागतं.

म्हणून पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावासोबत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा असतो, तो जसाच्या तसा उतरवा. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे. पट्टीवर दोन औषधांची नावं असतील तर दोन्ही लिहा. क्लोनाझेपामसोबत प्रोप्रानोलॉल असलेल्या गोळ्या मिळतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉलने श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो. रूममेटला ती गोळी चालली म्हणून तुम्हालाही चालेलच असं नाही.

‘अधूनमधून’ हा शब्द पत्रातून काढाच. मुलं तो खोटं बोलायचं म्हणून लिहीत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत असतं. पट्ट्या मोजल्या की हिशेब कळतो. एक उदाहरण घ्या. गोळी ०.५ ची. ५ नोव्हेंबरपासून रोज अर्धी, १४ पासून रोज एक, आणि पत्र २६ ला. पहिल्या नऊ रात्रींच्या साडेचार आणि पुढच्या बारा रात्रींच्या बारा, अशा साडेसोळा गोळ्या झाल्या. दहा-दहाच्या दोन पट्ट्यांपैकी साडेतीन उरलेल्या दिसल्या की हिशेब जुळला. म्हणजे ‘अधूनमधून’ नव्हे, सलग एकवीस रात्री, आणि मधेच डोस दुप्पट. डॉक्टरांच्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. अर्धीने भागेनासं झालं, म्हणजे शरीराला गोळीची सवय लागायला लागली असण्याची शक्यता आहे.

यानंतरची चूक सर्वांत महागात पडते: लक्ष न लागणं हा वेगळा आजार धरून त्यावर औषध मागणं. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या नवीन गोष्ट स्मरणात पक्की होण्याच्या क्रियेलाच अडवतात. गोळी घेऊन ‘झोप येईपर्यंत अर्धा तास वाचतो’ म्हणणाऱ्या मुलाला सकाळी ते पान पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाटतं. तो घाबरतो, रात्री आणखी जागतो, कॉफी वाढवतो आणि मग एक पूर्ण गोळी घेतो. हे चक्र पत्रात दिसायला घटनांचा क्रम तारखांसह लिहावा लागतो. झोप कधी बिघडली, गोळी कधी सुरू झाली, वाचलेलं विसरायला कधी लागलं. विसरणं गोळीनंतर सुरू झालं असेल, तर आधी गोळीचा विचार करायचा, टॉनिकचा नाही. विसरणं आधीपासून असेल, तर मात्र चिंता, उदासी, रक्तक्षय, थायरॉईड अशा गोष्टी तपासाव्या लागतात.

कॉफी, सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध आणि दारू यांबद्दलही स्पष्ट लिहा. रात्री अकराच्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पहाटे चारच्या सुमारासही शरीरात असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी वाढते. दारू आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध या गोळ्यांसोबत घेतलं तर श्वास मंदावतो.

गोळी चिठ्ठीशिवाय मिळवली, हे लपवलं जातं. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि विक्रीची वहीत नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत येतात. चिठ्ठीशिवाय देणं आणि वहीत नोंद न करणं हा दोष मेडिकलवाल्याचा आहे, तुमच्यावर उपचार करताना तो आड येत नाही. डॉक्टरांनी गोपनीयता पाळायची असते. जिवाला धोका असेल तर मात्र त्यांना इतरांना कळवावं लागू शकतं. पत्र वर्गप्रतिनिधीच्या हातात किंवा ऑफिसात देऊ नका. बंद पाकिटात स्वतः द्या.

आणि पत्र द्यायच्या आदल्या दिवशी ‘आता घेतच नाही’ म्हणून गोळी एकदम तोडू नका. काही आठवडे रोज घेतल्यावर अचानक थांबवलं तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. क्वचित फिटही येते. परीक्षेच्या आठवड्यात हे झालं की मुलाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. डोस किती आणि किती दिवसांत उतरवायचा हे डॉक्टर ठरवतील. तोवर वाढवायचाही नाही.

वरच्या उदाहरणातलं पत्र मग असं होईल:

‘आदरणीय डॉक्टर मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे, वय २०. दमा किंवा फिटचा त्रास नाही. ऑक्टोबरअखेरीस सबमिशनमुळे झोप बिघडली. ५ नोव्हेंबरपासून रूममेटकडून घेतलेली अल्प्राझोलाम ०.५ ची अर्धी गोळी रोज रात्री दीड वाजता घेत होतो, १४ पासून पूर्ण घेतो. शेवटची काल रात्री घेतली. साडेतीन शिल्लक आहेत, पट्टी सोबत आणतो. साधारण १६ तारखेपासून रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही, अकरापर्यंत गुंगी राहते. रात्री अकराला दोन कप कॉफी घेतो. गेल्या आठवड्यात तीन रात्री सर्दीसाठी सेटिरिझिन घेतली. दारू घेत नाही. जीव द्यावा असे विचार येत नाहीत. पहिला पेपर ३ डिसेंबरला साडेदहाला आहे. गोळी कशी कमी करावी आणि तोवर झोपेचं काय करावं, हे कृपया सांगावं.’

शेवटून तिसऱ्या वाक्यातली विचारांबद्दलची ओळ गाळू नका. उत्तर ‘येतात’ असं असेल तर पत्राची वाट पाहू नका. उरलेल्या गोळ्या मित्राकडे द्या, त्याला सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील, दारूसोबत घेतल्या असतील, हाक मारून उठत नसेल किंवा श्वास संथ झाला असेल, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि रिकाम्या पट्ट्या रुग्णवाहिकेत सोबत द्या.