शिखर म्हणजे संपीडन नव्हे: ध्वनितरंगातल्या दाबाबद्दल आणि विस्थापनाबद्दल या चुका टाळा

ध्वनितरंग काढा म्हटलं की एक लहरत जाणारी रेषा काढायची, शिखरावर ‘संपीडन’, म्हणजे हवेची दाटी, लिहायचं, दरीवर ‘विरलन’, म्हणजे हवेचा विरळपणा, लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. ही आकृती मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की आता वही उघडली की नजर आधी तिथेच जाते. आकृती चुकलेली असली तरी त्या वेळी कोणाचं काही अडत नाही. अडतं ते पुढे, नळीत माइक घालून मोजायला बसल्यावर. तोपर्यंत ती मनात घट्ट बसलेली असते.

उभ्या अक्षावर काय आहे, हे न बघता आलेख वाचणे

तीच रेषा दोन वेगळ्या गोष्टी दाखवू शकते. उभ्या अक्षावर दाबातला बदल असेल तर शिखर म्हणजे संपीडनच, त्यात चूक काहीच नाही. पण उभ्या अक्षावर हवेच्या थराचं विस्थापन असेल, तर शिखराचा अर्थ एवढाच की तो थर आपल्या मूळ जागेपासून सर्वांत जास्त उजवीकडे सरकला आहे. तिथे गर्दी झाली आहे की नाही, हे शिखर सांगत नाही. गर्दी शेजारच्या थरांवर ठरते. सगळेच सारखे उजवीकडे सरकले तर गर्दी होणारच नाही.

हे मी सूत्राने पटवत नाही, आकड्यांनी पटवतो. दर १० मिलिमीटरवर हवेचा एक थर आहे असं धरा आणि तरंगलांबी ८० मिलिमीटर घ्या. विस्थापन दिसावं म्हणून त्याचा आयाम मुद्दाम फुगवून ४ मिलिमीटर धरा. मग ०, १०, २०, ३० अशा जागांवरच्या थरांचं विस्थापन क्रमाने ०, २.८, ४, २.८, ०, −२.८, −४, −२.८, ० असं येतं. प्रत्येक थराची नवी जागा काढली की ०, १२.८, २४, ३२.८, ४०, ४७.२, ५६, ६७.२, ८० असे आकडे मिळतात.

आता शेजारशेजारच्या थरांमधलं अंतर बघा: १२.८, ११.२, ८.८, ७.२, ७.२, ८.८, ११.२, १२.८. सर्वांत दाटी कुठे झाली? ४० मिलिमीटरवर, जिथला थर जागचा हललेलाच नाही. डावीकडचे त्याच्याकडे सरकले, उजवीकडचेही त्याच्याकडेच सरकले आणि तो मधे दाबला गेला. शिखरावरच्या थराच्या एका बाजूचं अंतर ११.२ आहे, दुसऱ्या बाजूचं ८.८. सरासरी बरोबर १०, म्हणजे तिथे दाब नेहमीइतकाच. विस्थापन जिथे सर्वाधिक तिथे दाबातला बदल शून्य, आणि विस्थापन जिथे शून्य तिथे दाबातला बदल सर्वाधिक, धन किंवा ऋण. पाव तरंगाचा फरक म्हणतात तो हाच.

माझी सवय अशी: विस्थापनाचा आलेख दिसला की त्याच्याखाली एक आडवी रेषा मारतो आणि प्रत्येक थराचा बाण तिच्यावर काढतो. धन विस्थापनाला उजवीकडे, ऋणाला डावीकडे. दोन बाण समोरासमोर आले तिथे संपीडन, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले तिथे विरलन. दाबाचा वक्र त्यानंतरच काढतो. याला अर्धं मिनिट लागतं. ‘साइनचा कोसाइन होतो’ हे पाठ करून ते अर्धं मिनिट वाचवणारे धन-ऋणात हमखास फसतात, कारण शून्य विस्थापनाच्या दोन जागांपैकी संपीडन कुठलं आणि विरलन कुठलं, हे त्या पाठांतरातून कळत नाही.

नळीच्या बंद टोकाला शांतता असेल असं धरून चालणे

ही चूक मी सर्वांत जवळून पाहिली. प्रयोगशाळेत एक मीटर लांबीची नळी होती. एका तोंडाशी स्पीकर, दुसरं तोंड पक्कं बंद, आणि आत पातळ दांड्यावर बसवलेला छोटा माइक. स्पीकरला ५०० हर्ट्झचा सूर दिलेला. माइक नळीत मागेपुढे सरकवायचा, आवाज कुठे कमी-जास्त होतो ते टिपायचं आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढायचा, एवढंच काम. खोलीचं तापमान विसाच्या आसपास होतं, म्हणजे उत्तर सेकंदाला ३४३ मीटरच्या जवळपास यायला हवं होतं.

एका गटाचं उत्तर आलं १७१. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा १७१. मग त्यांनी सूर देणाऱ्या यंत्रावर संशय घेतला, नंतर माइकवर. माइक बदलला. तासाभराने मला बोलावलं.

‘सर, यंत्र दुप्पट वारंवारता दाखवतंय बहुतेक,’ एक जण म्हणाला.

मी वही मागितली. आवाज अगदी मंद झाल्याची पहिली जागा बंद टोकापासून १७.१ सेंटिमीटरवर टिपलेली होती. कंपन जिथे शून्य ती जागा म्हणजे निस्पंद, असं धरून त्याखाली लिहिलं होतं: बंद टोक निस्पंद, ही जागा निस्पंद, दोन निस्पंदांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणून तरंगलांबी ३४.२ सेंटिमीटर.

‘बंद टोकाला माइकने किती दाखवलं?’

‘तिथे मोजलं नाही सर. तिथे निस्पंदच असणार ना.’

‘आत्ता मोजा.’

माइक भिंतीला टेकेपर्यंत आत सारला आणि पडद्यावरची लहर उंचच उंच झाली. संपूर्ण नळीत याहून उंच ती कुठेच नव्हती.

बंद टोकाला निस्पंद असतो हे खरंच आहे, पण तो विस्थापनाचा. भिंतीला चिकटलेला थर हलूच शकत नाही. आणि साधा माइक विस्थापन मोजत नाही, तो दाब मोजतो. शेजारचे थर भिंतीवर येऊन आदळतात आणि मागे फिरतात, तेव्हा तिथला दाब सर्वांत जास्त वर-खाली होतो. विस्थापनाचा निस्पंद तोच दाबाचा प्रस्पंद, म्हणजे सर्वाधिक बदलाची जागा. म्हणून भिंतीपासून पहिल्या शांत जागेपर्यंतचं अंतर हे पाव तरंगलांबी होतं, अर्धी नव्हे. तरंगलांबी ६८.४ सेंटिमीटर, वेग ३४२. यंत्र, माइक, सूर सगळं ठीक होतं. तासभर वाया गेला तो एक जागा न मोजता गृहीत धरल्यामुळे.

या प्रयोगात मी आता एकच आग्रह धरतो: एका शांत जागेवर थांबायचं नाही. दुसरी शोधायची आणि दोघींमधलं अंतर घ्यायचं. याच नळीत दुसरी शांत जागा ५१ सेंटिमीटरच्या थोडी पुढे मिळाली असती. वजाबाकी सुमारे ३४, ती अर्धी तरंगलांबी, आणि टोकाला काय आहे याचा प्रश्नच उरत नाही. पहिली जागा सापडताच वही मिटणाऱ्यांना हे जास्तीचं काम वाटतं. मला हाच प्रयोगाचा गाभा वाटतो.

पाव आवर्ताचा फरक सगळीकडे सारखाच समजणे

पुढे जाणाऱ्या तरंगात एका जागी उभं राहून पाहिलं तरी दाब आणि विस्थापन यांच्यात पाव आवर्तकालाचा फरक दिसतो. नळीत जाणारा आणि भिंतीवरून परतणारा तरंग मिळून जो स्थिर तरंग होतो, त्यात तसं नसतं. तिथे दोन्ही एकाच क्षणी टोकाला जातात आणि एकाच क्षणी शून्य होतात. पाव तरंगलांबीचा फरक उरतो तो फक्त जागांमध्ये. नळीवरचं उत्तर लिहिताना पुढे जाणाऱ्या तरंगाचं वाक्य उचलून चिकटवलं की इथेच गुण जातात.

दाब पुढे की विस्थापन पुढे, यावर वाद घालण्याआधी तरंग कुठे चालला आहे ते विचारा. उजवीकडचं विस्थापन धन धरलं आणि तरंगही उजवीकडे चालला असेल, तर दाब पाव आवर्त आधी शिखर गाठतो. तरंग डावीकडे जात असेल तर पाव आवर्त मागून. हे पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा की संपीडनातला थर नेहमी तरंगाच्याच दिशेने धावत असतो. उजवीकडे धावणारा थर मधल्या जागेवर असताना दाब सर्वाधिक असतो आणि त्यानंतर पाव आवर्तकालाने तो उजव्या टोकाला पोचतो. सगळी उत्तरं यातून निघतात.

स्रोताच्या अगदी जवळ, तरंगलांबीपेक्षा खूप कमी अंतरावर, यातलं काहीच लावू नका. हा संबंध सपाट तरंगाचा आहे.

दाब सारखा म्हणजे विस्थापनही सारखं समजणे

दाब हा विस्थापनाच्या आलेखाच्या उतारावर अवलंबून असतो. आयाम तोच ठेवून तरंगलांबी आखूड केली की उतार वाढतो आणि दाबही वाढतो. म्हणून सूत्रात वारंवारता येते:

```
Δp_m = ρ v ω s_m
ω = 2π f
```

इथे Δp_m हा दाबाचा आयाम, s_m हा विस्थापनाचा आणि f ही वारंवारता. हवेसाठी घनता ρ १.२१ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि ध्वनीचा वेग v सेकंदाला ३४३ मीटर घ्या. दाबाचा आयाम १ पास्कल असेल, तर १००० हर्ट्झला विस्थापनाचा आयाम येतो ०.३८ मायक्रोमीटर. तोच १ पास्कल १०० हर्ट्झला ठेवायचा तर ३.८ मायक्रोमीटर लागतात. खालच्या सुराला स्पीकरचा पडदा डोळ्यांना हलताना दिसतो आणि वरच्या सुराला दिसत नाही, ते याच हिशेबाने.

इथे ω च्या जागी सरळ f टाकणारे दर वेळी भेटतात. त्यांचं विस्थापन सव्वासहा पट मोठं येतं आणि उत्तर दिसायला ठीकच वाटतं, म्हणून चूक पकडली जात नाही. मी ताळा म्हणून एक आकडा डोक्यात ठेवला आहे. १००० हर्ट्झला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या दाबाचा आयाम सुमारे २८ मायक्रोपास्कल असतो. पुस्तकात २० दिसतो तो वर्गमध्यमूळ आकडा, आयाम नव्हे. त्यातून विस्थापनाचा आयाम येतो ११ पिकोमीटर, हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश. तुमचं उत्तर ६७ पिकोमीटर आलं असेल, तर 2π राहून गेला आहे.