पहिल्याच पानावर मंजुरी: एक्झिक्युटिव्ह समरी कशी बांधायची

नवख्या माणसाची समरी बहुतेक वेळा अहवालाच्याच क्रमाने चालते. आधी पार्श्वभूमी, मग उद्दिष्टं, पद्धत, निरीक्षणं आणि सगळ्यात शेवटी शिफारस. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ती गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी जाऊन बसते. डायरेक्टर दोन बैठकांच्या मधल्या वेळात पान उघडतो. काय मंजूर करायचं, किती पैसे, कधीपर्यंत, दुसरा मार्ग का नको आणि नाही म्हटलं तर काय होईल, एवढं त्याला हवं असतं. यातलं एक जरी पहिल्या पानावर सापडलं नाही, तरी फाईल ‘चर्चा करा’ असा शेरा घेऊन परत येते. चर्चेची वेळ मिळेपर्यंत दोन आठवडे सहज जातात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, पॅकिंग लाइनवरचं सीलिंग मशीन जुनं झालं आहे आणि ते बदलायचा प्रस्ताव आहे. त्या मशीनमुळे वर्षाला ३० लाखांचा फटका बसतो: वाया जाणारा माल १४ लाख, दुरुस्ती ९ लाख, ओव्हरटाइम ७ लाख. नवं मशीन ५४ लाखांचं, बसवायचा खर्च ६ लाख. ते आलं की वर्षाचा खर्च ३० वरून ६ लाखांवर येतो. तिसरा मार्ग ओव्हरहॉलचा: १८ लाख आत्ता, आणि त्यानंतर वर्षाला २० लाख.

या प्रस्तावाच्या समरीची सुरुवात साधारण अशी झालेली दिसते:

> ‘गेल्या काही वर्षांत उत्पादनात झालेली वाढ आणि ग्राहकांच्या गुणवत्तेबाबतच्या वाढत्या अपेक्षा लक्षात घेता पॅकिंग विभागातील यंत्रसामग्रीचा सर्वंकष आढावा घेण्यात आला.’

वाक्यात चूक काहीच नाही. पण त्यातलं सगळं डायरेक्टरला आधीच माहीत आहे, आणि त्याने काय करायचं ते त्यात कुठेच नाही. त्याऐवजी पहिलं वाक्य असं हवं:

> ‘विनंती: पॅकिंग लाइनवरचं सीलिंग मशीन बदलण्यासाठी ६० लाखांच्या एकरकमी खर्चाला (मशीन ५४, बसवणी ६, करासह) ३० जूनपर्यंत मंजुरी द्यावी. खर्च चालू वर्षाच्या भांडवली तरतुदीतून होईल.’

हे वाक्य अहवालाला हात लावण्याआधी लिहावं. बाकीचं पान मात्र सगळ्यात शेवटी. विनंतीचं वाक्य तपासायची एक साधी युक्ती आहे. वाक्याखाली कुणी नुसतं ‘मंजूर’ लिहून सही केली, तर खरेदी विभागाला पुढे एकही प्रश्न न विचारता ऑर्डर काढता येईल का? ‘मशीन बदलण्याचा विचार व्हावा’ याखाली सही झाली, तर नेमकं काय मंजूर झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. रक्कम फोडून लिहायची ती यासाठीच. कोटेशनवर ५४ दिसतात आणि समरीत ६०. हा फरक वाचणाऱ्याला स्वतः शोधावा लागला, की उरलेल्या सगळ्या आकड्यांकडे तो संशयाने बघायला लागतो.

विनंतीच्या खाली पर्यायांचा तक्ता. तीन ओळी, चार रकाने, त्याहून मोठा नको; पान फोनवर वाचलं जाण्याची शक्यता बरीच असते, आणि रुंद तक्ता तिथे मोडतो.

| पर्याय | आत्ताचा खर्च | दरवर्षी | ५ वर्षांत एकूण |
|---|---|---|---|
| आहे तसं चालू | ० | ३० | १५० |
| ओव्हरहॉल | १८ | २० | ११८ |
| नवं मशीन | ६० | ६ | ९० |

(आकडे लाखांत.)

‘आहे तसं चालू’ ही ओळ गाळू नका. काहीच न करणं हाही पर्यायच असतो आणि त्यालाही किंमत असते. ती मांडली नाही, तर ६० लाखांची तुलना वाचणाऱ्याच्या मनात शून्याशी होते.

इथपर्यंतचं सगळं पुष्कळांना जमतं. पान अडतं ते यापुढे. तक्त्यावरून नवं मशीन स्वस्त दिसतं खरं, पण ते पाच वर्षं धरली म्हणून. नुसते पैसे किती लवकर वसूल होतात एवढंच पाहिलं, तर नवं मशीन ६० लाख घालून वर्षाला २४ वाचवतं, म्हणजे अडीच वर्षं. ओव्हरहॉल १८ लाखांत वर्षाला १० वाचवतं, म्हणजे दोन वर्षांच्या आतच. या हिशेबाने ओव्हरहॉल सरस. अनुभवी डायरेक्टर हा भागाकार मनातल्या मनात करतो आणि विचारतो, ‘मग स्वस्तातलं का नको?’ उत्तर पान सतरावर असून उपयोग नाही.

म्हणून दोन पर्यायांची गाठ नेमकी कुठे पडते ते काढायचं. नव्या मशीनसाठी आत्ता ४२ लाख जास्त घालावे लागतात आणि ओव्हरहॉलच्या मानाने वर्षाला १४ लाख कमी लागतात. ४२ भागिले १४, म्हणजे तीन वर्षं. तिसऱ्या वर्षाअखेर दोन्हींचा एकूण खर्च सारखा, ७८ लाख. त्याआधी ही लाइन बंद होणार असेल तर ओव्हरहॉल बरा. त्यापुढे चालणार असेल तर नवं मशीन. सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा आहे, आणि तो पानावर उघडपणे लिहायचा:

> ‘हे उत्पादन तीन वर्षांहून जास्त चालणार असेल तर नवं मशीन, नाहीतर ओव्हरहॉल. विक्री विभागाच्या लेखी अंदाजानुसार ते किमान पाच वर्षं चालेल (परिशिष्ट २). म्हणून शिफारस नव्या मशीनची.’

आमच्या मते संपूर्ण पानात सगळ्यात मोलाच्या या तीन ओळी. डायरेक्टरला मशीनमधलं तुमच्याइतकं कळत नसेल, पण ते उत्पादन कधी बंद होणार आहे हे कदाचित तुमच्याआधी त्याला ठाऊक असतं. शिफारस कशावर टेकली आहे ते दाखवलं, की त्याची माहिती आणि तुमचा हिशेब एकाच जागी येतात आणि तो तिथल्या तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो. ही ओळ लिहिली तर आपला प्रस्ताव लेचापेचा दिसेल अशी भीती नवख्यांना वाटते. उलट ती नसेल, तर वाचणाऱ्याला वाटतं की ओव्हरहॉलचा विचार झालाच नाही, किंवा झाला आणि लपवला.

हे काढताना कधीकधी लक्षात येतं की त्या कळीच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही. विक्री विभाग ‘बघू’ म्हणतो. अशा वेळी ६० लाखांची मंजुरी मागूच नये. विनंतीचं वाक्यच बदलायचं: ‘उत्पादनाच्या पुढच्या पाच वर्षांच्या नियोजनाबाबत विक्री विभागाकडून १५ जूनपर्यंत लेखी उत्तर मिळावं, अशा सूचना द्याव्यात.’ हा लहान निर्णय त्याच दिवशी होतो.

यानंतर आकड्यांचा कच्चा-पक्केपणा. वाया जाणाऱ्या मालाचे १४ लाख बारा महिन्यांच्या नोंदींवरून आले आहेत, दुरुस्तीचे ९ बिलांवरून. ओव्हरटाइमचे ७ मात्र अंदाज, कारण कोणत्या मशीनमुळे थांबावं लागलं हे हजेरीत कुणी लिहीत नाही. पानावर ‘काही आकडे अंदाजे आहेत’ एवढंच लिहिलं तर संशय सगळ्यांवरच पसरतो. कोणता आकडा कच्चा आणि तो चुकला तर काय बिघडेल, हे एका वाक्यात सांगावं: ‘ओव्हरटाइमची बचत धरल्याच्या निम्मीच झाली, तर रक्कम वसूल व्हायला अडीचऐवजी जवळपास तीन वर्षं लागतील.’ अंदाज निम्म्यावर आला तरी फार बिघडत नाही हे वाचणाऱ्याला दिसतं, आणि तो आकडा त्याच्यापुरता मिटतो.

मग तारीख. ‘तातडीने मंजुरी मिळावी’ हे प्रत्येकच फाईलवर असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. तारखेमागचं कारण लिहा: पुरवठादाराला १४ आठवडे लागतात. ३० जूनला ऑर्डर गेली तर मशीन ६ ऑक्टोबरला येतं, आणि वार्षिक शटडाउन १२ ऑक्टोबरला सुरू होतो. ही संधी चुकली तर पुढचा शटडाउन वर्षभराने, म्हणजे २४ लाखांची बचत हुकली. हे एवढंच दोन वाक्यांत. हाताशी फक्त सहा दिवस आहेत हेही यातून आपोआप कळतं. पुरवठादार आठवडाभर उशीर करेल अशी शंका वाटली, तर डायरेक्टर ऑर्डर आधी काढायला सांगेल.

पार्श्वभूमीला दोन ओळी पुरतात, त्याही पानाच्या तळाशी. पद्धत, बैठकांची यादी, आभार यांना या पानावर जागा नाही.

तपशील मागे आणि मुद्दे पुढे, ही मागणी जुनीच आहे. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी, ऐन युद्धात, खात्यांना टिपण पाठवून सांगितलं होतं की अहवालात मुख्य मुद्दे लहान, नेमक्या परिच्छेदांत यावेत आणि गुंतागुंतीचे तपशील परिशिष्टात जावेत. आपल्या पानावर याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक मोठ्या दाव्यापुढे परिशिष्टाचा क्रमांक हवा. ‘सविस्तर माहिती अहवालात’ असं मोघम लिहिलं तर कुणी शोधत बसत नाही.

हे सगळं A4 पानावर, बारा पॉइंटच्या अक्षरात, तक्ता धरून तीनशे ते साडेतीनशे शब्दांत बसतं. बसत नसेल तर अक्षर बारीक करू नका, समास खाऊ नका. बहुधा एका पानात दोन निर्णय मागितलेले असतात. मशीनबरोबर कन्व्हेयरची दुरुस्तीही घुसडलेली असते. तिचं पान वेगळं करा. एक मागणी अडली की दुसरीही तिच्याबरोबर अडकून पडते.

पाठवण्यापूर्वी दोन तपासण्या. पहिली आकड्यांची: अहवालात शेवटच्या दिवशी कोटेशन बदलतं आणि समरीत जुनीच रक्कम राहते, ही सगळ्यात नेहमीची चूक. छापील पान आणि अहवाल शेजारी ठेवून समरीतल्या प्रत्येक आकड्यावर पेन्सिलने खूण करत जायचं. दुसरी वाचकाची: या कामाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला पान दोन मिनिटं द्यायचं, काढून घ्यायचं आणि विचारायचं, काय मागितलंय, किती, कधीपर्यंत, आणि कोणती गोष्ट कळली तर तू ‘नाही’ म्हणशील? पहिल्या तिन्हींची उत्तरं सहसा येतात. चौथ्यावर तो थबकला, तर तक्त्याखालच्या त्या तीन ओळी पुन्हा लिहायला घ्या.