अनोळखी माणसाला पहिला मेसेज: माझ्या मामेबहिणीच्या पावणेदोनशे अक्षरांची गोष्ट

मी गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते, आम्ही सगळे त्याला क्यूसी म्हणतो. दर उन्हाळ्यात, एम.एस्सी.च्या परीक्षा आटपत आल्या की लिंक्डइनवर मला अनोळखी मुलामुलींचे मेसेज येऊ लागतात. यातल्या बऱ्याच मेसेजना माझ्याकडून उत्तर जात नाही आणि त्याची रुखरुख लागून राहते. मुलं चांगली असतात, पण मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखं काही नसतं.

गेल्या वर्षी माझी मामेबहीण याच टप्प्यावर होती. ती सांखळीची, केमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती. रविवारी घरी आली तेव्हा म्हणाली, "ताई, चौदा जणांना लिहिलं. एकाने वेबसाइट बघ म्हणून सांगितलं, बाकी कोणी काहीच नाही." मी तिचा फोन मागून घेतला. सगळीकडे एकच मजकूर होता: "आदरणीय सर, मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपलं प्रोफाइल पाहून खूप प्रभावित झाले. आपल्या कंपनीत फ्रेशरसाठी जागा असल्यास कृपया कळवावे."

वाचायला यात काहीच वावगं नाही. पण ज्याला हा मेसेज येतो त्याच्या जागी बसून पाहा. जागा आहे की नाही हे लॅबमधल्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं, भरती एचआर पाहतं. "नाही" म्हणायचं तर पोरीचं मन मोडायचं, "बघतो" म्हणायचं तर नसता शब्द देऊन बसायचं. मग तो म्हणतो, नंतर बघू, आणि ते नंतर कधीच येत नाही. शिवाय "प्रोफाइल पाहून प्रभावित झाले" हे वाक्य चौदाही जणांना जसंच्या तसं लागू पडतं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला थेट मेसेज बहुधा करता येत नाही, आधी जोडणीची विनंती पाठवावी लागते आणि तिच्यासोबत छोटी चिठ्ठी जोडता येते. मोफत खातं असेल तर महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत ती जोडता येते आणि तिला 200 अक्षरांची मर्यादा असते. आपल्या मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "नमस्कार" दिसायला चार अक्षरं, पण मोजणीत सात. म्हणजे मराठीत लिहायचं तर जागा आणखी कमी. आदरणीय, कृपया, प्रभावित यांच्यावर ती उधळण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी आम्ही चौदा जणांची यादी बाजूला ठेवली आणि एकच माणूस निवडला. हे गृहस्थ मूळचे सावंतवाडीकडचे, गोव्यातच क्यूसीत होते आणि अधूनमधून मराठीत लिहायचे. त्यांची एक पोस्ट लॅबच्या नोंदवहीतल्या खाडाखोडीवर होती. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली त्याचं कारण. पांढरी शाई लावायची नाही, गिरवायचं नाही. आमच्या कामात हा नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात, पण कॉलेजात तो सहसा कोणी सांगत नाही. बहिणीने ती पोस्ट नीट वाचली. मग मी तिला विचारलं, "ह्या माणसालाच विचारावं असं तुला काय वाटतं? गूगलवर मिळणार नाही असं?"

ती बराच वेळ विचार करत बसली. पहिल्यांदा म्हणाली, "क्यूसीत करिअर कसं आहे?" मी म्हटलं, याचं उत्तर लिहायला त्यांना अर्धा तास लागेल, आणि अर्धा तास कोणाकडे नसतो. मग म्हणाली, "इंटरव्ह्यूची तयारी कशी करू?" तेही तसंच. शेवटी मनातली खरी भीती बाहेर आली. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, तिने कॉलेजात दहा जणांच्या घोळक्यात एकदाच पाहिलं होतं, बटणाला हातही लागला नव्हता. कंपनीत पहिल्याच दिवशी मशीन चालवायला सांगितलं तर? हा प्रश्न मला आवडला. तो तिचा स्वतःचा होता, आणि रोज त्या मशीनपाशी उभा राहणारा माणूस त्याचं उत्तर दोन ओळींत देऊ शकतो. प्रश्न जमलाय की नाही हे मी एका गोष्टीवरून ठरवते: पणजी-मडगाव शटलमध्ये उभ्याने, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने उत्तर टाइप करता येईल का? येत असेल तर प्रश्न योग्य आकाराचा आहे.

तिने शेवटी पाठवलेली चिठ्ठी ही:

"नमस्कार सर. खाडाखोडीवरची तुमची पोस्ट वाचली. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. क्यूसीत फ्रेशरला एचपीएलसी चालवता यावी लागते की तत्त्व कळणं पुरतं? सवडीने सांगितलंत तरी चालेल."

सगळं मिळून 175 अक्षरं. यात तिचं नाव नाही, कारण ते विनंतीवर आपोआप दिसतं. कॉलेज, गुण, गाव नाही, तेही प्रोफाइलवर आहे. "एक विचारू का?" असंही नाही. पुष्कळ मुलं नम्रपणे आधी परवानगी मागतात. पण मग समोरच्याला "हो, विचार" लिहून पुन्हा वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. नुसतं "हाय" किंवा "गुड मॉर्निंग सर" पाठवण्याचंही तेच होतं. प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये असावा. शेवटचं सवडीचं वाक्य मात्र मी आग्रहाने ठेवायला लावलं. त्यामुळे मागणं सैल होतं, माणसाला अंगावर आल्यासारखं वाटत नाही. मला विचाराल तर मेसेजमधला आपलेपणा इथे असतो, आणि पोस्टचा नेमका विषय लिहिण्यात असतो. "तुमच्या पोस्ट छान असतात" यापेक्षा "खाडाखोडीवरची पोस्ट" हे दोन शब्द जास्त जवळचे वाटतात.

दुसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं. "मशीन आम्ही शिकवतो. पण सिस्टिम सुटेबिलिटी का करतात ते सांगता आलं पाहिजे. नमुना लावायच्या आधी एकच स्टँडर्ड पाच-सहा वेळा का इंजेक्ट करतात, विचार कर."

इथे ती "थँक यू सर" म्हणून लगेच बायोडेटा जोडायला निघाली होती. मी थांबवलं. ज्याने आपल्याला काम दिलंय त्याला ते करून दाखवायचं. तिने पुस्तक काढलं, रात्री वाचलं आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं: "सर, वाचलं. एकच द्रावण असून प्रत्येक वेळी आलेखातल्या पीकचं, म्हणजे उंचवट्याचं, क्षेत्रफळ वेगळं आलं तर दोष नमुन्यात नाही, मशीनमध्ये किंवा कॉलममध्ये असणार. म्हणून आधी स्टँडर्डचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं आणि मगच नमुन्यावर विश्वास ठेवायचा. बरोबर समजले का?" त्यांनी थम्स-अप पाठवला आणि पुढचा प्रश्न स्वतःहून घातला, पीकला शेपूट का फुटते म्हणून. नोकरीची गोष्ट तिने काढली नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच विचारलं, परीक्षा कधी संपते.

भाषेबद्दल थोडं सांगते, कारण गोव्यात इथे हमखास घोळ होतो. आडनाव पाहून भाषा ठरवू नका. कोणी घरी कोकणी बोलतो पण रोमीत लिहितो, कोणी मराठी शाळेत शिकलाय पण कामाचं सगळं इंग्रजीत करतो, कोणाला देवनागरी वाचायला वेळ लागतो. तो माणूस स्वतः ज्या भाषेत आणि लिपीत लिहितो त्यातच लिहावं. काहीच सापडलं नाही तर साधं इंग्रजी, पण रचना हीच. आणि पहिल्याच मेसेजमध्ये दादा, काका, बाब म्हणू नये. प्रत्यक्ष भेटीत ते गोड वाटतं, पण लिहिलेलं वाचताना जबरदस्तीची सलगी वाटते. सर किंवा मॅडम आणि "तुम्ही" पुरे. नातं समोरून आलं तर घ्यावं. फोन नंबर मात्र पहिल्या मेसेजमध्ये देऊही नये, मागूही नये, मुलींनी तर नाहीच.

वेळेचंही तसंच. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात कोणाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका, माणसं गावी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असतात. महिन्याच्या शेवटी माल रवाना करायची घाई असते, तेव्हा क्यूसीवाल्यांना जेवायला फुरसत नसते. ऑडिट असेल तर विचारूच नका.

बहिणीने दुसरी चिठ्ठी एका मॅडमना पाठवली, स्टॅबिलिटी विभागातल्या, म्हणजे औषध किती काळ टिकतं ते तपासणाऱ्या. त्यांनी विनंती स्वीकारली पण उत्तर दिलं नाही. ती रोज उघडून बघायची. तिसऱ्या दिवशी "मॅडम, प्लीज रिप्लाय" लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, आठ-दहा दिवस जाऊ दे. विनंती स्वीकारलेलीच नसती तर काहीच करता आलं नसतं. ती मागे घेऊन पुन्हा पाठवावी म्हटलं तर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पाठवता येत नाही. पण इथे दार उघडं होतं. दहाव्या दिवशी तिने लिहिलं, "मॅडम, तुम्ही कामात असाल. मध्यंतरी मी स्टॅबिलिटी चेंबरबद्दल वाचलं, 25 अंश आणि 40 अंशांचा फरक कळला. माझा आधीचा प्रश्न तेवढा राहिला आहे, जमेल तेव्हा सांगा." आठवण होती पण तगादा नव्हता, आणि मधल्या दिवसांत ती हातावर हात ठेवून बसली नव्हती हेही त्यात दिसत होतं. तिसरा मेसेज करायचा नाही, असं आमचं ठरलं होतं.

मॅडमचं उत्तर आणखी पाच दिवसांनी आलं. "सॉरी गं, ऑडिट होतं. आज संपलं. विचार आता काय विचारायचं ते."