बॅटरीत वीज भरलेली नसते, मग काय असतं? विज्ञान प्रदर्शनासाठी चार मिनिटांचं भाषण असं तयार करा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बॅटरी हा विषय घेतला की नव्वद टक्के पोरं लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसतात आणि बघणारा माणूस "लिंबात करंट असतो वाटतं" असं म्हणत पुढे जातो. करंट लिंबात भरलेला नसतो, तो खिळ्यावरचं जस्त आणि लिंबातलं आम्ल यांच्या रिअ‍ॅक्शनमधून येतो. म्हणून माझं मत विचाराल तर लिंबू घरीच ठेवा आणि जस्त, तांबं आणि मोरचूद घ्या. हा डॅनियल सेल, लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने 1836 मध्ये केलेला, पुढे तारायंत्रं याच्यावर चालायची. याच्यात सगळं डोळ्यांना दिसतं, निळा रंग फिका होतो, जस्त झिजतं, तांबं वाढतं.

भाषणात एकच गोष्ट सांगायची आहे: बॅटरीत वीज साठवलेली नसते, एकमेकांशी रिअ‍ॅक्शन करायला टपलेले दोन पदार्थ वेगळे ठेवलेले असतात. त्यांना सरळ भेटू दिलं तर उष्णता मिळते, वायरमधून भेटायला लावलं तर वीज मिळते. एवढं समोरच्याला पटलं की भाषण झालं.

सामान काय लागेल

मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतं, झिंक सल्फेटही तिथेच (नाहीच मिळालं तर मिठाचं पाणी चालतं). जस्ताच्या दोन पट्ट्या, तांब्याचे दोन पत्रे आणि थोडी जस्ताची पूड शाळेच्या लॅबमधून मागा. चहाचे दोन कुल्हड, पण आतून-बाहेरून कच्च्या मातीचे, चकचकीत ग्लेझ दिलेले अजिबात नको. दोन काचेचे ग्लास, कागदी कप, थर्मामीटर, लाल एलईडी, मल्टिमीटर, क्लिपवाल्या वायरी, एक पेन्सिल सेल आणि पॉलिश पेपर.

मोरचूद विषारी आहे हे लक्षात ठेवा, हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातलं कुठलंही भांडं वापरू नका. लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ते तसंही ठेवायचं नसतं, धातू खातं.

पहिला भाग: सरळ भेटू द्या

100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळवा, कागदी कपात ओता, थर्मामीटर ठेवा आणि समोरच्याला तापमान वाचायला सांगा. मग साधारण 3 ग्रॅम जस्ताची पूड टाकून ढवळा (हे काम सर किंवा मॅडम शेजारी असतानाच). तापमान सात ते दहा अंश चढतं, निळा रंग उडत जातो आणि तळाशी तपकिरी गाळ बसतो, तो गाळ म्हणजे तांबं. बघणाऱ्याला कप बाहेरून हात लावून बघू द्या.

इथे मुलाने बोलायचं ते साधारण असं: "जस्ताला इलेक्ट्रॉन सोडायचे असतात आणि मोरचूदातल्या तांब्याच्या आयनला ते हवे असतात. आत्ता ते एकमेकांना चिकटूनच होते, म्हणून देवाणघेवाण जागच्या जागी झाली आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन गेली. आता मी हीच रिअ‍ॅक्शन पुन्हा करणार आहे, पण दोघांना वेगळं ठेवून."

हे "हीच रिअ‍ॅक्शन" दोनदा म्हटलं तरी चालेल.

दुसरा भाग: वायरमधून भेटवा

कुल्हड आधी अर्धा तास पाण्यात भिजत ठेवा, ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग एलईडी का लागत नाही म्हणून डोकं धरून बसतात. भिजलेल्या कुल्हडात झिंक सल्फेटचं पाणी (100 मिलीला 10 ग्रॅम) आणि जस्ताची पट्टी. ग्लासात कपासाठी केलं तसंच 100 मिलीला 5 ग्रॅम मोरचूदाचं पाणी, आणि तांब्याचा पत्रा गोल वळवून ग्लासच्या आतल्या बाजूने उभा करा, मधोमध कुल्हड ठेवा. दोन्हीकडचं पाणी साधारण एकाच पातळीला हवं. मल्टिमीटरवर 1.05 ते 1.1 व्होल्ट दिसतील, लाल टोक तांब्याला.

एका सेलवर लाल एलईडी लागत नाही कारण त्याला जवळपास 1.8 व्होल्ट लागतात. म्हणून असे दोन सेल करायचे, पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला जोडायचं, 2.2 व्होल्ट होतात आणि एलईडी लागतो, लांब पाय तांब्याच्या बाजूला. पांढऱ्या एलईडीच्या नादी लागू नका, त्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात.

मागच्या चार्टवर एवढ्या दोनच ओळी लिहा:

Zn → Zn²⁺ + 2e⁻
Cu²⁺ + 2e⁻ → Cu

वरची ओळ कुल्हडात घडते, खालची ग्लासात. इलेक्ट्रॉनना कुल्हडाच्या मातीतून पलीकडे जाता येत नाही, त्यांना वायरनेच जावं लागतं आणि वाटेत एलईडी आहे, तो पेटतो. मघाशी जी ऊर्जा कप गरम करण्यात गेली तीच आता बरीचशी वीज होऊन वायरमधून एलईडीकडे जातेय.

मग एक कुल्हड हळूच ग्लासातून पूर्ण वर उचला, वायरी जोडलेल्याच असू द्या. एलईडी तत्क्षणी बंद. परत ठेवलं की चालू. कारण जस्त विरघळताना कुल्हडात पॉझिटिव्ह आयन वाढतात, ग्लासात तांबं निघून गेल्यामुळे निगेटिव्ह सल्फेट उरतात, आणि हा हिशोब मातीच्या बारीक भोकांतून आयन इकडेतिकडे सरकून जुळवला जातो. ती वाट बंद झाली की इलेक्ट्रॉनही थांबतात. परीक्षक "कुल्हड कशाला?" असं विचारतातच, त्याचं उत्तर तोंडाने देण्यापेक्षा हे करून दाखवा.

तिसरा भाग: साठवणं म्हणजे काय

आतापर्यंत फक्त ऊर्जा बाहेर काढली, साठवणं राहिलंच की. त्यासाठी पेन्सिल सेल. एकच डॅनियल सेल घ्या, मल्टिमीटरचं लाल टोक 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून तांब्याला जोडा, काळं टोक जस्ताला लावा, करंटचा आकडा दिसेल. आता लाल टोक तसंच ठेवून काळं टोक पेन्सिल सेलच्या प्लसला आणि पेन्सिल सेलचा मायनस जस्ताला जोडा. आकड्यापुढे मायनसचं चिन्ह येतं, म्हणजे करंट उलटा वाहतोय, कारण 1.5 व्होल्ट हे 1.1 पेक्षा जास्त आहेत. (मीटर या रेंजवर असताना नुसत्या पेन्सिल सेलच्या दोन टोकांना लावायचा नाही, तो शॉर्ट सर्किट होतो.)

आता आत काय चाललंय तर चार्टवरच्या दोन्ही ओळी उलट्या: तांबं विरघळून पुन्हा निळं मोरचूद होतंय आणि जस्त परत पट्टीवर बसतंय. गच्चीवरच्या टाकीत मोटरने पाणी चढवावं तसं, बाहेरची ऊर्जा खर्च करून पदार्थांना पुन्हा त्या "रिअ‍ॅक्शनला टपलेल्या" अवस्थेत नेणं, यालाच चार्जिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन एका टोकाने जेवढे आत येतात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर जातात, चार्ज झालेल्या बॅटरीत ते जास्त नसतात. मोबाइलच्या बॅटरीबद्दल विचारलं तर पदार्थ वेगळे आहेत, तिथे चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, पण तत्त्व हेच.

हा सेल मात्र वारंवार चार्ज करायला चांगला नाही, जस्त परत बसताना सपाट न बसता सुयांसारखं वाढतं. हे मुलाने आपणहून सांगितलं तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न वाचतो.

किती साठतं, याचा हिशोब

एखादा हुशार परीक्षक हे विचारणारच म्हणून तयारी ठेवा. 1 ग्रॅम जस्त पूर्ण वापरलं गेलं तर सुमारे 820 मिलीअँपिअर-तास मिळतात. एलईडी 5 मिलीअँपिअर घेत असेल तर कागदावर 160 तासांच्या पुढे. पण जस्त एकटं पुरत नाही, समोर मोरचूदही हवं, 1 ग्रॅम जस्तामागे 3.8 ग्रॅम. म्हणजे आपल्या 5 ग्रॅम मोरचूदाच्या ग्लासाला जेमतेम 1.3 ग्रॅम जस्त पुरे, पट्टी कितीही जाड असली तरी निळा रंग संपला की सेल संपला.

जमलं तर आदल्या दिवशी खरं मोजून बघा. एका सेलला 10 ओहमचा रेझिस्टर लावून चार तास ठेवा, दर अर्ध्या तासाने करंट लिहून ठेवा, आणि जस्ताची पट्टी आधी आणि नंतर (धुऊन, वाळवून) सोनाराच्या काट्यावर तोला. सरासरी 50 मिलीअँपिअर निघाला तर 200 मिलीअँपिअर-तास झाले, म्हणजे जस्त 0.24 ग्रॅम कमी व्हायला हवं. प्रत्यक्षात घट बहुतेक वेगळी निघते, आणि त्यात एक मजेशीर कारण असतं: थोडं मोरचूद मातीतून झिरपून कुल्हडात येतं आणि जस्ताला सरळ भेटतं. तेवढ्या जस्ताची वीज मिळत नाही, पहिल्या कपासारखी नुसती उष्णता होते, शिवाय पट्टीवर तांब्याचा काळा थर चढतो. हे आकडे चार्टवर खरे आले तसेच लावा, जुळवून लिहू नका.

काही बिघडलं तर

मीटरवर 0.9 च्या खाली दिसलं तर बहुतेक जस्तावर ऑक्साइडचा थर आहे किंवा लोखंडी क्लिप पाण्यात बुडालीय, पट्टी घासा, क्लिप पाण्याच्या वर घ्या. मीटर 1.1 दाखवतो पण एलईडी लावला की व्होल्टेज धाडकन पडतं, तर कुल्हड नीट भिजलेला नाही किंवा भाजताना फार घट्ट झालाय, दुसरा घ्या. जस्त काळं पडलं तर मघाचंच झिरपणं, पट्टी काढून घासा आणि कुल्हडातलं पाणी बदला. म्हणूनच सेल रात्रभर जोडून ठेवू नका, जस्त आणि कुल्हड बाहेर काढून ठेवा आणि सकाळी परत लावा.

भाषण पाठ करून घेऊ नका, प्रदर्शनात लोक मध्येच येतात आणि मध्येच निघून जातात. नुसतं उभं राहिलेल्याला कप आणि एलईडी, अर्ध्या मिनिटात. परीक्षकांना तिन्ही भाग, चार मिनिटांत. सगळं झाल्यावर उरलेलं निळं पाणी बेसिनमध्ये किंवा झाडांना ओतायचं नाही, बाटलीत भरून, वर नाव लिहून, शाळेच्या लॅबमध्ये द्या.